'इक हाउ फान ये' जरा थांबून म्हण

डच शिकायला लागल्यावर पहिलं वाक्य पाठ होतं ते 'इक हाउ फान ये', म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. ते इतक्यात वापरू नकोस. तिसऱ्या भेटीत हे ऐकलं तर समोरचा माणूस कॉफीचा कप खाली ठेवून गप्प होईल.

सुरुवात 'इक फिंट ये ल्योक'ने कर. 'ल्योक' म्हणजे छान, हे सिनेमालाही म्हणतात, शर्टालाही. पण माणसाला उद्देशून म्हटलं की 'तू मला आवडतोस' हा इशारा पोहोचतो. उत्तरात 'इक फिंट ये आर्दख' आलं तर समजून जा: तू स्वभावाने चांगली आहेस, पुढे काही नाही. (हे मला समजायला दोन महिने लागले.)

पोटात गोळा येतो, फोन वाजला की धडधड होते, तेव्हाचा शब्द 'फरलीफ्त'. 'इक बेन फरलीफ्त ओप ये' म्हणजे मी तुझ्या प्रेमात पडलेय. ही अवस्था आहे, वचन नव्हे. 'इक खेफ ओम ये' त्याहून शांत: मला तुझी काळजी आहे. हे मैत्रिणीलाही चालतं.

'हाउ फान' मात्र सवयीचं, टिकाऊ प्रेम. आईवडील मुलांना हेच म्हणतात. गंमत म्हणजे 'इक हाउ फान कास', मला चीज आवडतं, हेही त्याच क्रियापदाने. त्यामुळे वजन येतं ते चीजऐवजी माणूस आल्यावर. 'ये'च्या जागी जोर देऊन 'याउ' म्हटलं, की अर्थ होतो: तुझ्यावर, दुसऱ्या कुणावर नाही.