साक्षीच्या टंकलिखित मजकुराची तपासणी

प्रश्न: उलटतपासणीच्या रेकॉर्डिंगवरून टाइप केलेला मजकूर तपासायचा आहे. सुरुवात कशापासून करू?

उत्तर: आधी फक्त ‘प्र.’ आणि ‘उ.’ या खुणा तपासा, कारण खूण चुकली की वकिलाचं वाक्य साक्षीदाराच्या तोंडी जातं. लागोपाठ दोन ‘प्र.’ आले किंवा ‘उ.’पुढे प्रश्नचिन्ह दिसलं की तिथला ऑडिओ ऐका. बहुतेकदा मधलं छोटंसं ‘हो’ प्रश्नातच मिसळलेलं असतं. वकिलाची हरकत आणि न्यायाधीशांचा प्रश्न यांना वेगळी खूण हवी.

मग विरामचिन्हं. ‘तुम्ही पाहिलं नाही ना?’ याचं उत्तर ‘नाही, पाहिलं’ आणि ‘नाही पाहिलं’ यांत साक्ष उलटते. साक्षीदार कुठे थांबला ते ऐकूनच स्वल्पविराम द्या, वाचून अंदाजाने नको. शेवटी आकडे: एकोणसाठ-एकोणसत्तर घाईत सारखेच ऐकू येतात, म्हणून तारखा आणि रकमा दाखल कागदपत्रांशी ताडून पाहा. कागदावर वेगळं असलं तरी साक्षीदार बोलला तेच ठेवा, शंका समासात लिहा. बोली, अर्धवट वाक्यं सुधारू नका. ऐकूच येत नसेल तर ‘[अस्पष्ट]’ आणि वेळ.

मात्र हे कच्च्या मजकुरापुरतं. फौजदारी खटल्यात न्यायालयाने नोंदवलेल्या साक्षीत तुम्ही परस्पर बदल करू शकत नाही. वाचून दाखवताना साक्षीदाराने चूक सांगितली तर दुरुस्ती करायची की आक्षेपाची नोंद घ्यायची, हे न्यायाधीश ठरवतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३१३).