पगार कापला गेलाय, हप्ता कमी करून मागायचं पत्र कसं लिहू?

प्रश्न: ऑफिसने पगार कमी केलाय. पर्सनल लोनचा हप्ता अजून एकही चुकला नाहीये पण पुढच्या दोनतीन महिन्यांत चुकेल असं वाटतंय. कर्ज देणाऱ्यांना पत्र लिहायचंय, त्यात नेमकं काय लिहू?

उत्तर: माझ्यावर हीच वेळ आली होती आणि मी पहिलं पत्र चुकीचं लिहिलं, म्हणून आधी तेच सांगते. दीड पान लिहिलं होतं, घरची परिस्थिती, आजवर एकही हप्ता चुकवला नाही, कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा वगैरे, आणि हप्ता किती करून हवाय तो आकडाच कुठे नव्हता. तीन आठवडे काही उत्तर नाही, मग फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्हाला नक्की किती जमेल?" आणि मला सांगता येईना.

तर पत्राआधी आकडा काढा. माझे हिशोब सोपे करून सांगते. पगार ७२ हजारांवरून ५४ हजारांवर आला. घरखर्च काटकसर करून ३३ हजार, म्हणजे उरले २१, आणि हप्ता २०,०२०. कागदावर बसतो खरा, पण एक आजारपण आलं की संपलं. कर्ज ९ लाख बाकी, व्याज वर्षाला १२ टक्के, ५ वर्षं शिल्लक. म्हणजे महिन्याचं नुसतं व्याजच ९ हजार होतं. हा आकडा लक्षात ठेवा, कारण याच्या खाली हप्ता मागितला तर मुद्दल कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाईल आणि ते सहसा कोणी मान्य करत नाही. मुदत ५ ची ७ वर्षं केली तर हप्ता साधारण १५,९०० वर येतो. म्हणून मी १६ हजार मागितले. महिन्याला ५ हजार हातात राहतात, म्हणजे हा हप्ता मी खरंच भरू शकेन हे वाचणाऱ्यालाही दिसतं. फुकट मात्र काही नाही हं, त्या दोन वर्षांपायी एकूण साधारण १ लाख ३३ हजार जास्त जातात.

दुसरं म्हणजे कपात किती दिवसांची आहे ते बघा. कंपनीने सहा महिन्यांसाठी असं लेखी दिलं असेल तर मुदत वाढवून मागू नका, सहा महिने फक्त व्याज भरायची सवलत मागा. माझ्या आकड्यांत ते ९ हजार गुणिले ६, म्हणजे ५४ हजार जास्तीचे, आणि कर्ज सहाच महिने लांबतं. माझ्या कपातीला शेवटच नव्हता म्हणून मी मुदत वाढवून मागितली.

दुसरं पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं होतं. वर विषयातच कर्ज खाते क्रमांक, आणि मग साधारण असं:

"माझा मासिक पगार ७२,००० वरून ५४,००० झाला आहे. कंपनीचे पत्र सोबत जोडले आहे. कपात किती काळ राहील हे कंपनीने कळवलेले नाही. आवश्यक खर्च ३३,००० आहे. सध्याचा हप्ता २०,०२० आहे, तो १६,००० करून त्यानुसार मुदत वाढवून मिळावी ही विनंती. आजपर्यंतचे सर्व हप्ते वेळेवर भरले आहेत. बदल मान्य झाल्यास एकूण किती व्याज वाढेल, काही शुल्क लागेल का, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये याची नोंद कशी होईल, हे कृपया लेखी कळवावे."

सोबत कपातीचं पत्र, कपातीच्या आधीची आणि नंतरची पगार स्लिप, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट. शेवटचा क्रेडिट रिपोर्टचा प्रश्न गाळू नका, कारण काही ठिकाणी असा बदल 'रिस्ट्रक्चर' म्हणून नोंदवतात आणि पुढे नवीन कर्ज मागताना ते आडवं येऊ शकतं, पण हप्ते थकल्याची नोंद त्याहून वाईट, त्यामुळे मी ते पत्करलं. पत्र हातात दिलं तर प्रतीवर पोच घ्या, ईमेल केला तर तक्रार क्रमांक किंवा उत्तर जपून ठेवा.

आणि फोनवर कोणी "हो होईल" म्हणालं म्हणून जुना हप्ता थांबवू नका. माझं फोनवर मान्य झालं होतं पण लेखी आलं नव्हतं, आणि त्या महिन्यात ऑटो डेबिट जुन्याच रकमेचं गेलं. नशीब खात्यात तेवढे पैसे होते, नाहीतर हप्ता बाउन्स होऊन वर दंड लागला असता. नवीन हप्त्याचं शेड्यूल हातात आलं की त्यावर पहिल्या हप्त्याची तारीख आणि रक्कम बघा, ऑटो डेबिटची रक्कम बदलली का तेही विचारा, कारण माझ्या बाबतीत त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागला होता.