कप पालथा घातला की टेबलाशी

ताई, मी पतसंस्थेत नोकरी करते आणि राज्यसेवेची तयारीही. सातला घरी येते, चहा घेते, पाच मिनिटं म्हणून मोबाइल उचलते, तो जेवायची हाक येईपर्यंत सुटत नाही. रोज रात्री ठरवते, ‘उद्या नक्की’. पण दमून आल्यावर अभ्यासाला बसवतच नाही. काय करू?
– एक वाचक, सांगली

अगं, ‘उद्या नक्की’ म्हणजे नक्की कधी? ते ठरलेलं नसल्यामुळे रोज संध्याकाळी दमलेल्या डोक्याने नव्याने निर्णय घ्यायचा, आणि असं डोकं मोबाइललाच कौल देणार. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९च्या लेखात हेच मांडलं होतं: नुसत्या ‘करीन’पेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असा बेत जास्त पाळला जातो.

तुझा चहा रोजचा आहे, अभ्यास त्यालाच जोड. मात्र ‘चहा झाल्यावर’ असं ठरवू नकोस, कारण रिकामा कप हातात धरून अर्धा तास सहज जातो. ‘कप विसळून पालथा घातला की तडक टेबलाशी’ असं ठरव. त्या क्षणी तू आधीच उभी असतेस. कप आई उचलून नेत असेल, तर तिला सांग, हे काम माझं. आणि घरात शिरताच मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. चहा आणि मोबाइलची जोडी तुझ्या अभ्यासापेक्षा जुनी आहे.

टेबलाशी काय करायचं, तेही आदल्या रात्रीच मांडून ठेव. समज, १५० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने खांब ओलांडायला किती वेळ घेईल, असं गणित आहे. ताशी ५४ म्हणजे सेकंदाला १५ मीटर, एवढंच लिहून वही उघडी ठेव आणि झोप. दुसऱ्या दिवशी फक्त १५०ला १५ने भागायचं. फारच दमली असशील तर तेवढं करून ऊठ, खुशाल. बरेच जण दोन तासांची बैठक पक्की करतात आणि सुरुवात सैल सोडतात. तू उलट कर.

सवय २१ दिवसांत लागते, यावर विसंबू नकोस. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, तेव्हा कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. त्याही खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या सवयी होत्या, अभ्यास त्याहून जड. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही.

दोन-तीन आठवड्यांनीही कप ठेवून ‘आता बसू की नको’ असा विचार करत उभी राहत असशील, तर खूण बदल. रविवारी ऑफिस नाही, म्हणजे सातचा चहाही नाही. त्या दिवसासाठी दुसरी खूण लागेल. आंघोळीनंतर कपडे वाळत घातले की, असं काहीतरी शनिवारीच ठरवून ठेव.