खाण जोरात चालली, मग कार कारखाना का बसला? ऑस्ट्रेलियाच्या डॉलरवर तुमचे प्रश्न

प्रश्न: मी 2009 पासून मेलबर्नला आहे. तेव्हा जो तो म्हणायचा मायनिंग बूम आहे, देशाची चांदी आहे. आणि माझ्या डोळ्यांसमोर फोर्ड, होल्डन, टोयोटा तिघांनीही गाशा गुंडाळला. हे कसं काय?

या दोन गोष्टींना जोडणारा धागा म्हणजे ऑसी डॉलर. 2001 मध्ये तो 50 अमेरिकन सेंटच्याही खाली गेला होता. मग चीनला स्टीलसाठी लोहखनिज लागायला लागलं, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराच्या खाणींतून जहाजांमागून जहाजं भरून जायला लागली आणि भावही चढत गेला. खनिजाचे पैसे येतात अमेरिकन डॉलरमध्ये, पण कामगारांचा पगार, सरकारचा टॅक्स, रॉयल्टी हे सगळं द्यायचं ऑसी डॉलरमध्ये, म्हणजे कंपन्यांना ते विकत घ्यावेच लागतात. शिवाय नव्या खाणी आणि गॅस प्लांट बांधायला बाहेरचं भांडवल येत होतं, आणि अमेरिकेत व्याज जवळजवळ शून्य असताना इथे 4.75 टक्के होतं, त्यामुळे नुसते व्याजासाठी पैसे ठेवणारेही आले. सगळ्यांना एकच चलन हवं म्हटल्यावर ते महागणारच. जुलै 2011 मध्ये एक ऑसी डॉलर जवळपास 1.10 अमेरिकन डॉलरला गेला. कार कारखान्याने यात काहीच वेगळं केलेलं नाही, तीच माणसं तीच गाडी बनवतायत, तरी जगाच्या बाजारात ती गाडी महाग झाली.

याला डच डिसीज म्हणतात. 1959 मध्ये हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनला प्रचंड गॅस सापडला, त्यानंतर तिथल्या कारखानदारीची जी गत झाली त्यावरून 1977 मध्ये द इकॉनॉमिस्टने हे नाव दिलं.

प्रश्न: जरा आकडे घेऊन सांगा ना, मी कॉमर्सवाला नाही. आणि डॉलर महाग झाला तर बाहेरून येणारे पार्ट्स स्वस्तच पडतील की, मग रडायचं कशाला?

पार्ट्सचा मुद्दा बरोबर आहे, पण तो किती पुरतो ते बघू. समजा देशात दोनच धंदे आहेत, एक खाण आणि एक कार कारखाना. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले.

कारखाना एक गाडी आखातात 15,000 अमेरिकन डॉलरला विकतो. ही किंमत तो वाढवू शकत नाही, कारण शेजारीच जपानी आणि कोरियन गाड्या उभ्या आहेत. गाडीत 4,500 अमेरिकन डॉलरचे बाहेरचे पार्ट्स लागतात, आणि पगार, वीज, भाडं, लोकल सप्लायर मिळून 14,000 ऑसी डॉलर.

आता एक ऑसी डॉलर म्हणजे 60 अमेरिकन सेंट धरा. गाडीचे हातात येतात 25,000 ऑसी. पार्ट्स पडतात 7,500 ला, त्यात 14,000 मिळवले की खर्च 21,500. गाडीमागे 3,500 सुटले. डॉलर 75 सेंटला गेला की येतात 20,000, पार्ट्स 6,000, खर्च बरोबर 20,000, म्हणजे ना नफा ना तोटा. आणि डॉलरला डॉलर झाला, म्हणजे एका ऑसी डॉलरला एक अमेरिकन डॉलर, की येतात फक्त 15,000. पार्ट्स 4,500 वर आले खरे, पण ते 14,000 जागच्या जागी आहेत, खर्च 18,500, गाडीमागे 3,500 चा खड्डा. पार्ट्समध्ये 3,000 वाचले आणि विक्रीत 10,000 गेले. गाडीत जितका माल आणि मेहनत इथली, तितका मार जास्त, मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त खुपते.

खाणीलाही डॉलर महागच पडतो, पण तिचं गणित बघा. टनाला खर्च 40 ऑसी. आधी भाव 30 अमेरिकन डॉलर, 60 सेंटच्या रेटने 50 ऑसी, सुटतात 10. बूममध्ये भाव 120 झाला, डॉलरला डॉलर धरला तरी हातात 120, सुटतात 80. खाणीचा भाव चौपट झाला म्हणून ती तरली, गाडीचा भाव कुणी चौपट केला नाही.

आणि एक्सपोर्ट न करणारा कारखानाही यातून सुटत नाही बरं का. तीच 15,000 अमेरिकन डॉलरची परदेशी गाडी त्याच्या शेजारच्या शोरूममध्ये आधी 25,000 ला पडायची, ती आता 15,000 ला पडते.

प्रश्न: आमचा भाचा पर्थला इलेक्ट्रिशियन आहे. वर्कशॉप सोडून खाणीवर गेला, विमानाने जायचं, दोन आठवडे काम करून परत, पगार कितीतरी जास्त. याचाही संबंध आहे का?

आहे ना. चलन महागणं हा कारखान्याला मार बसायचा पहिला रस्ता, हा दुसरा, आणि त्याला डॉलरचीही गरज नाही. खाण जास्त पगार देते, वर्कशॉपला माणूस टिकवायचा तर पगार वाढवावाच लागतो. वरच्या उदाहरणात 14,000 चे 16,000 झाले की 3,500 चा खड्डा 5,500 चा होतो. त्यात खाणीचा पैसा घरं बांधण्यात, हॉटेलात, सलूनमध्ये खर्च होतो, आणि केस काही परदेशात जाऊन कापून घेता येत नाहीत, म्हणून सलूनवाला भाव वाढवून पगार काढतो. गाडीवाल्याला तेही जमत नाही.

आपल्या गोव्यात खाणी जोरात होत्या तेव्हा हाच रस्ता चालू होता, माणसं आणि कर्जं ट्रक-बार्जकडे वळली. पण तिथे चलन रुपया, आणि एवढ्याशा राज्याच्या खनिजाने रुपया हलत नाही, म्हणून पहिला रस्ता तिथे लागू होत नाही.

प्रश्न: 2016 ला डॉलर 70 सेंटच्या आसपास आला होता. मग कारखाने परत का नाही उघडले? की डॉलर नुसतं निमित्त होतं?

निमित्त नक्कीच नव्हतं, पण एकटा डॉलरही नव्हता. गाड्यांवरची इम्पोर्ट ड्युटी टप्प्याटप्प्याने कमी होत 2010 मध्ये 5 टक्क्यांवर आली होती, आणि बाजार लहान, एका मॉडेलच्या इतक्या कमी गाड्या बनायच्या की मशिनरीचा खर्च वसूल होणं आधीच अवघड. डॉलर 60 सेंटला असताना हे सगळं झाकलं जात होतं, तो चढल्यावर उघडं पडलं.

परत न येण्याचं कारण वेळेत आहे. फोर्डने मे 2013 मध्ये, होल्डनने डिसेंबर 2013 मध्ये आणि टोयोटाने फेब्रुवारी 2014 मध्ये बंद करायचं जाहीर केलं. नवीन मॉडेलसाठी डाय, साचे, रोबो हे काही वर्षं आधी ठरवावं लागतं, आणि तो निर्णय महाग डॉलरच्या सावलीत झाला. एक कंपनी गेली की सीट, बंपर, वायरिंग बनवणाऱ्यांची निम्मी ऑर्डर जाते, ते बसले की उरलेल्या कंपनीलाही पार्ट्स मिळेनात. ऑक्टोबर 2017 मध्ये ॲडलेडजवळच्या एलिझाबेथ गावचा होल्डन प्लांट बंद झाला तोवर डॉलर स्वस्त होऊन दोनेक वर्षं झाली होती, पण सप्लायर आणि कसबी कामगार पांगले होते.

प्रश्न: मग सरकारने करायचं काय? खनिज जमिनीतच ठेवायचं?

नाही, पैसा घरात एकदम ओतायचा नाही. नॉर्वेने 1990 मध्ये तेलाच्या पैशाचा फंड काढला, त्यात पहिला भरणा 1996 ला झाला, आणि तो फंड फक्त परदेशातच गुंतवतात. आलेले डॉलर बाहेरच राहिले की क्रोनर, म्हणजे नॉर्वेचं चलन, विकत घ्यायची गर्दी तेवढी कमी. बजेटमध्ये वर्षाला साधारण फंडाच्या अपेक्षित परताव्याएवढंच घ्यायचं, आधी 4 टक्के, 2017 पासून 3. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये खाणींच्या जादा नफ्यावर टॅक्स आणला, त्यातून फारसं हाती लागलं नाही आणि 2014 ला तो रद्दही केला.

फंड फक्त चलनाचा रस्ता अडवतो, पगाराचा नाही. नॉर्वेत तेलाच्या कंपन्यांनी इंजिनियर ओढले, पगार चढले, आणि 2014 ला तेल कोसळल्यावर तिथल्या तेलधंद्याच्या शहरात, स्टावांगरमध्ये, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तिथे एक गोष्ट बरी झाली, क्रोनर लगेच खाली आला आणि मासे, जहाजाचं सामान विकणाऱ्यांना थोडा श्वास मिळाला, कारण ते धंदे तोवर चालू होते.