भांडण मोबाइलवरून सुरू, माहेरावर संपतं

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच गुंत्याची आहेत, म्हणून उत्तरं एकत्र देते.

मी कडक, हे लाड करणारे. दोघांची पद्धत एकच हवी ना? (जळगाव)

नाही. झोप, अभ्यास, मोबाइल आणि खोटं बोलणं एवढ्यावर एकमत ठेवा. बाकीचा फरक मुलांना कळतो आणि पचतोही.

सासूबाई आणि मिस्टर म्हणतात, दोन फटके दिल्याशिवाय पोरगं वळणावर येत नाही. (अमळनेर)

फटक्याने पोरगं लपवायला शिकतं. शाळेत तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी आहे. घरात तेच ‘वळण’ कसं होतं? वळ उठत असतील किंवा मारणाऱ्याचा हात थांबत नसेल, तर मुलाला आधी डॉक्टरांना दाखवा.

मिस्टर लोको पायलट, दोन-दोन दिवसांनी घरी येतात. मी नऊ वर्षांच्या मुलाचा मोबाइल बंद ठेवते, हे आल्याआल्या त्याच्या हातात देतात. मग आमचं सगळं जुनं निघतं. चूक कोणाची? (भुसावळ)

चूक शोधायला बसलात तर मोबाइल तिथेच राहील. असंच एक जोडपं माझ्याकडे आलं होतं (तपशील बदललेत). दोघांना वेगवेगळं बसवून शेवटचं भांडण आठवेल तसं वहीत लिहायला लावलं. निघालं ते असं:

“मोबाइल का दिलात?”
“दोन दिवसांनी आलोय, जरा हसू दे त्याला.”
“म्हणजे मी त्याला रडवते?”
“तू घरात कोणालाच हसू देत नाहीस.”
“बाळंतपणात मला कोण हसू देत होतं, ते तुमच्या आईला विचारा.”

चौथ्या वाक्याला मुलगा भांडणातून निघून गेला. पाचव्याला दोघं नऊ वर्षं मागे पोचले. तुम्हीही लिहून बघा आणि पोराचं नाव कुठे गळतं तिथे रेघ मारा.

भांडण मुलावरून नाहीच, याची दुसरी खूण याहून पक्की. नियम ठरला तरी भांडण थांबतं का? यांनी जेवणानंतर अर्धा तास मोबाइल असं ठरवलं, तर पुढच्या आठवड्यात डब्यावरून पेटलं. म्हणजे दुखणं मोबाइलचं नव्हतंच. खोदून विचारल्यावर ती म्हणाली, “ताप असो की शाळेची फी, नऊ वर्षं मी एकटीच ठरवतेय.” तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “माझ्याच घरात मी पाहुणा आहे. पाहुणा खाऊ आणतो, तसा मी मोबाइल देतो.” मुलाचं पोट मात्र पप्पांच्या सुट्टीच्या दिवशीच दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं.

त्यांना दिलं ते सांगते. एकाने मुलाला काही सांगितलं की दुसऱ्याने तिथल्या तिथे मोडायचं नाही. पटलं नसेल तर मूल झोपल्यावर बोलायचं. मारहाण सुरू असेल तेव्हा मात्र लगेच थांबवायचं. आवाज चढला की वीस-पंचवीस मिनिटं वेगळं व्हायचं, पण ‘परत येतो’ असं सांगून; नुसतं उठून जाणं म्हणजे दुसरं भांडण. आठवड्यातून एकदा मुलाचं बोलणं आणि दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोचं, हे दोन विषय एका बैठकीत नकोत. शिवाय वडिलांकडे मजेखेरीज एक पक्कं काम द्यायचं. त्याने गणिताची वही घेतली. ड्यूटीवर असला की मुक्कामी पोचल्यावर फोनवर तपासायचा.

सहा आठवडे करूनही ‘तुमच्या घरचे’, ‘तू नेहमीच’ हे थांबलं नाही, तर समुपदेशकाकडे दोघं जा. मुलाला न्यायचं की नाही, ते तिथे ठरेल.

ऑनलाइन कोर्सवाले टेस्ट घेऊन दोघांची पॅरेंटिंग स्टाइल 21 दिवसांत जुळवून देतात. फी सात हजार. घ्यावा का? (धुळे)

घेऊ नका. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960 च्या दशकात पालकांच्या वागण्याचे हुकूमशाही, खंबीर पण मायाळू आणि मोकाट सोडणारे असे तीन प्रकार मांडले. तो काही रक्तगट नाही. सकाळी खंबीर असलेली आई रात्री दमून हात टेकते. त्यावर पत्रिका जुळवणारे हे नवे गुरुजी! एवढ्या पैशांत समुपदेशकाशी काही वेळा समोरासमोर बोलणं होईल.

मुलासमोर भांडलो तर मनावर परिणाम होतो का? (चोपडा)

रोजच्या धुमसण्याचा आणि अबोल्याचा होतो. भांडण त्याने पाहिलं असेल, तर मिटलेलंही त्याला दिसू द्या.

मुलांना मी बोलले तरी हे मलाच ओरडतात, घाबरून गप्प बसते. चार वर्षं म्हणतेय, दोघांनी समुपदेशनाला जावं. (नंदुरबार)

चार वर्षं! दाढ दुखली असती तर चार दिवस तरी थांबला असता का? पण ‘घाबरून’ लिहिलंय, म्हणून दोघांनी मिळून जाऊ नका. तिथे बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते. आधी एकट्या जा. हात उगारला जात असेल किंवा धमकी मिळत असेल, तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. फोन शेजारणीच्या मोबाइलवरून केला तरी चालेल.