इकोत हृदयाची भिंत जाड निघाली, तेव्हा

‘ताई, बीपीची गोळी चालूच होती, तरी इकोत डाव्या कप्प्याची भिंत १३ मिलिमीटर निघाली. पंपिंगही ६० टक्केच आहे. हृदय कायमचे बिघडले का? ही जाडी परत कमी होते का?’

डिचोलीचे हे बावन्न वर्षांचे गृहस्थ अहवालाची घडी हातात घेऊन बसले होते. पहिल्यांदा मी पंपिंगचा प्रश्न सोडवला, कारण बहुतेकांची झोप त्यानेच उडते. डाव्या कप्प्यात जेवढे रक्त साठते, त्याच्या ५५ ते ७० टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर जाणे हे साधारणपणे निरोगी हृदयाचेच लक्षण आहे. उरलेले ४० टक्के ‘गेलेले’ नसतात.

जाडीचा अर्थ मात्र गंभीरपणे घ्यायचा असतो. वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षे रक्त ढकलावे लागल्याने स्नायूपेशी जाड होतात आणि त्यांच्यामध्ये तंतुमय ऊतकही वाढते, त्यामुळे कप्पा ताठर होतो. अहवालात ‘ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ लिहिलेले असते, ते बहुधा या ताठरपणाचेच वर्णन असते. म्हणजे रक्तदाबाने एका अवयवावर खूण सोडली आहे, आणि पुढे हृदयविकार, पक्षाघात किंवा हृदयाची लय बिघडण्याचा धोका अशी खूण नसलेल्या माणसापेक्षा अधिक आहे. भिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल, झडप अरुंद असेल किंवा रक्तदाबाच्या मानाने जाडी फारच जास्त वाटत असेल, तर कारण निराळे असू शकते आणि डॉक्टर त्या दिशेने तपास करतात. इथे झडपा ठीक होत्या.

‘गोळी चालू होती’ याचा उलगडा वहीने केला. बारा दिवसांच्या नोंदींत सकाळचा दाब १५० ते १६० च्या आसपास होता, कारण अ‍ॅम्लोडिपिनची एकच गोळी होती आणि तीही डोके दुखले की घेतली जायची. डॉक्टरांनी तिच्या जोडीला टेल्मिसार्टन दिले, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासले आणि दाबाचे लक्ष्य १३०/८० च्या खाली ठेवले. टेल्मिसार्टनच्या गटातील औषधे निवडण्यामागे कारण आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ’ या चाचणीत याच गटातले लोसार्टन आणि बीटा ब्लॉकर गटातले अ‍ॅटेनोलॉल यांनी दाब जवळपास सारखाच उतरवला, पण जाडी लोसार्टनने अधिक कमी झाली आणि पक्षाघातही कमी झाले. ज्यांना बीटा ब्लॉकर दुसऱ्या कारणासाठी दिलेला आहे, त्यांनी हे वाचून तो स्वतःहून बंद करू नये. तो अचानक थांबवणे धोक्याचे असते.

आहाराबद्दल ‘मीठ कमी करा’ एवढे सांगून आपल्याकडे काहीच होत नाही. भाजीत मीठ बेतानेच होते. ते खरे येत होते पेजेसोबतच्या चेपणीच्या तोरांतून, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्यांतून, लोणच्यातून आणि पावसाळ्यात आठवड्यातून चार वेळा होणाऱ्या सुक्या सुंगटांच्या किसमुरातून. आम्ही किसमूर रविवारपुरते ठेवले आणि तोर बंद केली, तीही कुरकुर ऐकत.

जाडी उतरते का, याचे उत्तर होय असे आहे, पण ती महिन्याभरात दिसत नाही. स्नायूचा भाग कमी होतो, तंतुमय भाग तितका सहज मागे जात नाही, आणि काहींच्या बाबतीत उतार अर्धवटच राहतो. शिवाय मोजमापाची अडचण असते. स्नायूचे वजन काढताना मापांचा घन होतो, म्हणून बारीक फरक फुगतो. या गृहस्थांच्या भिंती १३ व १२ मिलिमीटर आणि कप्पा ४७ मिलिमीटर होता. त्यावरून स्नायूचे वजन सुमारे २२५ ग्रॅम, म्हणजे त्यांच्या शरीराच्या आकारमानानुसार प्रति चौरस मीटर १२५ ग्रॅम येते. पुरुषांत ११५ च्या वर गेले की जाडी मानतात. दोन्ही भिंती एकेक मिलिमीटर कमी मोजल्या असत्या, तर तेच माप १११ वर येऊन ‘नॉर्मल’ ठरले असते. एक मिलिमीटर तर तंत्रज्ञाने कर्सर कुठे ठेवला यावरही बदलतो. म्हणून महिन्याने दुसऱ्या लॅबमध्ये इको करून ‘१२ झाली’ म्हणून आनंद मानणे किंवा ‘१४ झाली’ म्हणून घाबरणे, दोन्ही व्यर्थ आहे. घरच्या मोजणीतला दाब हाच दरम्यानचा खरा पुरावा असतो.

वर्षभराने, त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर इको झाला. दोन्ही भिंती ११ मिलिमीटर आणि माप सुमारे १०४ निघाले. सकाळचा दाब तेव्हा बरेच महिने १२५ च्या आसपास स्थिर होता, त्यामुळे हा उतार मोजणीतला खेळ नाही, असे डॉक्टरांनाही वाटले. ‘मग आता गोळी सोडू का?’ हा प्रश्न त्यांनी लगेच विचारला. दाब पुन्हा चढला तर भिंतही पुन्हा जाड होऊ शकते, म्हणून गोळ्या आहेत तशाच चालू आहेत, आणि पुढचा इको डॉक्टरांना गरज वाटेल तेव्हाच होणार आहे.