टेलरचे आठ साहेब आणि फेयॉलचा एक

प्रश्न: बी.कॉम.ला आहे, बेळगावात. टेलरचं सायंटिफिक मॅनेजमेंट आणि फेयॉलची तत्त्वं यांची तुलना दहा मार्कांना येते. तक्ता पाठ आहे, पण दोघांत खरा फरक काय ते कळत नाही. कुणी उदाहरण देऊन सांगेल का?

उत्तर:

तक्त्यातली पहिली ओळ तुम्हाला येत असणार. टेलर खालून वर बघतो, फेयॉल वरून खाली. ती बरोबर आहे, पण त्यातून समजत काही नाही. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं सुपरवायझर होतो. तिथे माझ्या डोक्यात हा फरक एकाच प्रश्नावर स्पष्ट झाला: कामगाराला हुकूम किती जणांनी द्यायचा? टेलर म्हणतो आठ जणांनी. फेयॉल म्हणतो एकानेच.

आमच्याकडे बिडाच्या कास्टिंगला ६० मिलिमीटरचा बोअर करायचं काम असायचं, लांबी १०० मिलिमीटर. लेथवर एक जुने टर्नर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. एके दिवशी मी जाऊन सांगितलं, माल आज गेला पाहिजे, ८०० आरपीएमवर घ्या, फीड ०.२५ ठेवा. फीड म्हणजे एका फेऱ्यात टूल किती मिलिमीटर पुढे सरकतं ते. अर्ध्या तासानं क्वालिटीवाले आले. बोअरवर रेघा दिसतात म्हणाले, फीड ०.१५ करा. दुपारी मेंटेनन्सचा फिटर आला. त्यानं स्पिंडलला कान लावला आणि कन्नडमध्ये बजावलं की बेअरिंग आवाज करतंय, ५००च्या वर न्यायचं नाही. मामांनी मशीन बंद केलं आणि मला म्हणाले, "आता कुणाचं ऐकू ओ? तिघंही साहेबच की."

हिशोब करून बघा. ८०० आरपीएम गुणिले ०.२५ म्हणजे मिनिटाला २०० मिलिमीटर, १०० मिलिमीटरचा बोअर ३० सेकंदांत. ५०० गुणिले ०.१५ म्हणजे मिनिटाला ७५ मिलिमीटर, तोच बोअर ८० सेकंदांत. शंभर नगांमागे ८३ मिनिटांचा फरक. आणि गंमत म्हणजे तिघांपैकी चुकीचं कुणीच बोललं नव्हतं.

टेलरची फंक्शनल फोरमनशिप म्हणजे हीच रचना, फक्त ठरवून केलेली. एका फोरमनमध्ये सगळे गुण सापडत नाहीत, म्हणून त्याचं काम त्यानं आठ जणांत वाटलं. चौघे प्लॅनिंग रूममध्ये: कामाचा क्रम ठरवणारा, इन्स्ट्रक्शन कार्ड लिहिणारा, वेळ आणि खर्चाचा हिशोब ठेवणारा आणि शिस्त बघणारा. चौघे शॉपमध्ये: गँग बॉस, स्पीड बॉस, इन्स्पेक्टर आणि रिपेअर बॉस. आमच्या शॉपमध्ये मी स्पीड बॉस झालो होतो, बाकीचे दोघे इन्स्पेक्टर आणि रिपेअर बॉस. नावं तेवढी वेगळी.

पण टेलरला इथेच मोडीत काढू नका, बहुतेक उत्तरपत्रिका तेच करतात. तो स्वतः मिडव्हेल स्टीलमध्ये १८७८ साली मजूर म्हणून लागला आणि चीफ इंजिनिअर झाला. धातू कापायचा वेग आणि फीड यांवर त्यानं सुमारे २६ वर्षं प्रयोग केले आणि १९०६ साली ते मांडले. त्याच्या पद्धतीत स्पीड किती आणि फीड किती हे मशीनपाशी भांडून ठरत नाही. ते आधीच मोजून कार्डावर लिहिलेलं असतं आणि स्पीड बॉस फक्त ते पाळलं जातंय का बघतो. आठही साहेबांची हद्द वेगळी. आमच्याकडे कार्डच नव्हतं, म्हणून तिघेही एकाच हद्दीत घुसलो. हे टेलरचं उत्तर झालं, आणि ते दमदार आहे.

ते तुटतं कुठे? कार्ड लिहिताना बेअरिंग चांगलं होतं, आज खराब आहे. किंवा कास्टिंगमध्ये मध्येच टणक जागा लागली. कार्ड खोटं पडलं की आठ जणांत शेवटचा शब्द कुणाचा, हे मशीनपाशी उभ्या माणसाला माहीत नसतं. त्यात टेलरचा डिफरन्शियल पीस रेट जोडा. समजा ठरलेलं काम १०० नग आहे. तेवढे झाले तर सगळ्या नगांना ८ रुपये, कमी पडले तर सगळ्यांना ६. १०० नगांचे ८०० होतात आणि ९९ नगांचे ५९४. म्हणजे साहेबांच्या वादात गेलेली मिनिटं मामांच्या खिशातून गेली असती.

फेयॉल नेमकं यावरच बोट ठेवतो. तो खाणीतला इंजिनिअर, १८८८ साली बुडायला आलेली कंपनी त्याच्या हाती आली आणि त्यानं ती सावरली. त्याचं पुस्तक १९१६चं. तज्ज्ञ लागतात हे तो मान्य करतो. टेलरशी त्याचा वाद एवढाच की त्यासाठी युनिटी ऑफ कमांड मोडायची गरज नाही. तज्ज्ञांनी सल्ला द्यावा, हुकूम एकाच्याच तोंडून यावा.

त्या दिवसानंतर आम्ही तसंच केलं. क्वालिटीला नग अडवायचा आणि लाल टॅग लावायचा पूर्ण अधिकार, पण सेटिंगला हात लावायचा नाही. मेंटेनन्सला मशीन बंद करायचा अधिकार, पण चालू मशीनचा वेग सांगायचा नाही. दोघांनी मला सांगायचं, मी टर्नरला सांगणार. त्या दिवशी मी ५०० आरपीएम आणि फीड ०.१५ असंच ठेवलं, माल उशिरा गेला आणि त्याबद्दल बोलणी मी खाल्ली. फेयॉलच्या यादीत ऑथॉरिटी आणि रिस्पॉन्सिबिलिटी एकाच तत्त्वात आहेत, ते का हे तेव्हा कळलं.

एक इशारा. युनिटी ऑफ डायरेक्शन इथे लिहू नका. ते म्हणजे एका उद्दिष्टाच्या सगळ्या कामांना एक प्रमुख आणि एक योजना. आमच्याकडे ती होतीच, तिघांनाही तोच माल त्याच दिवशी पाठवायचा होता. तरी हुकूम तीन आले. ही दोन तत्त्वं वेगळी कशी, याला यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

फेयॉलच्या पद्धतीतली खोट नाइट शिफ्टला दिसते. हुकूम एकाचाच, आणि तो एक घरी झोपलाय. हे फेयॉलनं तरुणपणीच अनुभवलं होतं. १८६१ साली खाणीत काम करणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. त्यानं बदली घोडा मागितला, तर तबेल्यावाल्यानं दिला नाही, कारण चिठ्ठीवर डायरेक्टरची सही नव्हती. डायरेक्टर बाहेर गेलेले, त्यांच्या जागी कुणी नेमलेलं नव्हतं. काम अडलं. म्हणून अधिकार चालवणारा माणूस जागेवर कायम असलाच पाहिजे, हे तो तिथे शिकला. पुढे स्केलर चेनसोबत त्यानं गँगप्लँकही सांगितला, म्हणजे दोन खात्यांतल्या बरोबरीच्या माणसांनी वरिष्ठांच्या संमतीनं थेट बोलायचं आणि वर कळवायचं. आमच्याकडे रात्री क्वालिटीवाला आणि फिटर आपसात ठरवत, मामांना निरोप शिफ्टचा चार्जहँड देई, आणि सकाळी मी आलो की रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या बघत असे.